जुना राउटर हातावेगळा करताना

मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर राउटर फार जुना होत नाही. खाऱ्या हवेने लॅनच्या पोर्टमधल्या पिना हिरवट पडतात, वळवाच्या पहिल्या कडकडाटात अडॅप्टर जातो, आणि हे दोन्ही टळले तर मुंबईहून आलेला पाहुणा ‘नेट स्लो आहे’ म्हणतो आणि होमस्टेवाला कंटाळून कनेक्शनच बदलतो. मग जुनी पेटी निघते. कंपनीची असेल तर केबल ऑपरेटरचा मुलगा येऊन घेऊन जातो. स्वतःची असेल तर ती मेहुण्याला दिली जाते, ऑनलाइन विकली जाते, नाहीतर पोटमाळ्यावर पडून राहते आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारात जाते. देण्याआधी काय करायचे, असे विचारले की बहुतेक जण एकच उत्तर देतात: मागच्या भोकात टाचणी घालून रीसेट करायचे. उत्तर चुकीचे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे पेटीच्या बाहेर आहे.

राउटरमधली माहिती तिघांनी भरलेली असते. पहिला म्हणजे आपण: वाय-फायचे नाव, त्याचा पासवर्ड, सेटिंगच्या पानाचा पासवर्ड, कोणत्या कॅमेऱ्याला कोणता पत्ता, मुलांच्या फोनला रात्री किती वाजता नेट बंद. दुसरी म्हणजे सेवा देणारी कंपनी: तिने घातलेला युजर आयडी आणि पासवर्ड, पेटीला दूर बसून हुकूम सोडणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, आणि त्याच पेटीला लँडलाइन जोडली असेल तर त्या फोनच्या खात्याची ओळख. तिसरा म्हणजे कारखाना: मॅक पत्ता, सीरियल नंबर आणि तळाच्या स्टिकरवर छापलेले मूळ नाव-पासवर्ड. रीसेटचे बटण पहिल्याने भरलेले बहुधा पुसते. दुसरीचे पुसते, पण ते परत येऊ शकते. तिसऱ्याचे कधीच पुसत नाही, उलट तेच पुन्हा पुढे आणते. कोणत्याचे काय होते हे कळले की बाकीचा क्रम आपोआप लागतो.

वाय-फायच्या पासवर्डाबद्दल एक गैरसमज आधी काढायला हवा. बँकेच्या संकेतस्थळावर आपला पासवर्ड मूळ रूपात ठेवत नाहीत, त्याचा फक्त ठसा ठेवतात, असे आपण वाचलेले असते. राउटरला ती चैन नाही. नवा फोन जोडायला आला की त्याच्याशी हिशेब जुळवायला राउटरला मूळ पासवर्ड किंवा त्याच्याइतकेच कामाचे काहीतरी जवळ ठेवावेच लागते. म्हणूनच सेटिंगच्या पानावर डोळ्याच्या चिन्हाला टिचकी मारली की पासवर्ड जसाच्या तसा दिसतो. ज्याच्या हातात न पुसलेला राउटर आला आणि ज्याला सेटिंगचे पान उघडता आले, त्याला तो पासवर्ड फोडावा लागत नाही. फक्त वाचावा लागतो. सेटिंगच्या पानाला `admin` आणि `admin` हीच जोडी वर्षानुवर्षे ठेवलेली घरे अजून भरपूर आहेत.

यातून नुकसान किती, हा प्रश्न थंड डोक्याने विचारायला हवा. नागावच्या चार खोल्यांच्या होमस्टेचा जुना राउटर कोणी पाळत ठेवून विकत घेईल, असे मला वाटत नाही. तसा हल्लेखोर असलाच तर तो गेटबाहेर गाडी लावून बसेल; त्याला राउटर कशाला हवा? खरा धोका साध्या योगायोगाचा असतो. जुना राउटर घेणारा बहुधा जवळचाच असतो, त्याच आळीतला, वाय-फायच्या टप्प्यातला. आणि आपण नव्या राउटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड दिलेला असतो, कारण तसे केले की टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे पुन्हा जोडत बसावे लागत नाही. तंत्रज्ञही तोच सल्ला देतात. सोय खरी आहे. पण त्याच क्षणी जुन्या पेटीतला पासवर्ड हा नव्या घराचा पासवर्ड होतो. जुना राउटर पुसणे किती महत्त्वाचे, हे त्या राउटरवर नव्हे, तर त्यातले काय अजून वापरात आहे यावर ठरते.

दुसऱ्याच्या हाती आपले कनेक्शन गेले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण खाडीच्या पलीकडेच घडले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी गेलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने काढला, तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरच्या कनेक्शनपाशी येऊन थांबला. ई-मेल त्याने पाठवला नव्हता. त्याचे वाय-फाय दुसऱ्याने वापरले होते. चौकशीचा ससेमिरा मात्र त्याच्याच मागे लागला. त्या राउटरची विक्री झाली नव्हती, हे खरे. मुद्दा एवढाच की इंटरनेटवरच्या कृत्याचा धागा आधी कनेक्शनच्या मालकापर्यंत येतो. डिसेंबर २०२१ पासून दूरसंचार परवान्यांमध्ये अशा वापराच्या नोंदी किमान दोन वर्षे जपण्याची अट आहे. म्हणून कनेक्शन सोडताना पेटी परत देणे आणि खाते रीतसर बंद करून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाते चालू राहिले आणि पेटी भटकत राहिली, तर नोंद आपल्याच नावावर पडण्याची शक्यता उरते. ती मोठी नाही, कारण फायबरवर युजर आयडी बहुधा ठरावीक पेटीला आणि लाइनला बांधलेला असतो. पण बंद केल्याची पावती घेतली की ती उरतच नाही.

या विषयावर जो अभ्यास सर्वांत जास्त उद्धृत होतो तो घरगुती राउटरचा नाही, हे लक्षात ठेवावे. ईसेट या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये जुन्या बाजारातून कार्यालयांत वापरलेले १८ राउटर विकत घेतले. एक बंद निघाला आणि दोन एकमेकांची नक्कल असलेली जोडी निघाली, म्हणून तपासणी १६ राउटरची धरली. त्यांतल्या नऊ राउटरवर आधीच्या कंपनीची संवेदनशील माहिती जशीच्या तशी होती: दुसऱ्या कार्यालयांशी जोडणाऱ्या चाव्या, ग्राहकांची माहिती, अंतर्गत जाळ्याचा नकाशाच. या आकड्यावरून ‘निम्म्याहून अधिक घरगुती राउटर असेच असतात’ असे सांगणारे लेख निघतात, ते चूक आहेत. अभ्यासातली एक गोष्ट मात्र घराला लागू पडते. त्यांतल्या काही कंपन्यांनी जुने सामान पुसून विल्हेवाट लावण्याचे काम पैसे देऊन दुसऱ्यांकडे सोपवले होते. पुसायचे काम ज्याच्यावर सोडले त्याने ते केले असेलच, असे नाही.

‘पुसणे’ म्हणजे नेमके किती पुसणे, याची एक प्रमाण मोजपट्टी अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या ८००-८८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत आहे. तिच्या २०१४ च्या आवृत्तीत तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: नेहमीच्या मार्गाने वाचता येणार नाही इतके साफ करणे, प्रयोगशाळेतही परत मिळणार नाही इतके साफ करणे, आणि वस्तूच नष्ट करणे. राउटरसाठी ती म्हणते की कारखान्याच्या मूळ स्थितीवर रीसेट करणे ही पहिली पायरी झाली. दुसरी पायरी गाठण्याची सोय बहुतेक राउटरमध्ये नसतेच, त्यामुळे त्यापुढे थेट नष्ट करणे. हे स्पष्ट असल्यामुळे मला पटते. रीसेट झाल्यावर राउटर जुनी माहिती दाखवत नाही. पण आतल्या फ्लॅश चिपमध्ये जुन्या नोंदी कधी कधी ‘रद्द’ अशी खूण करून तशाच पडून राहतात आणि त्या जागेवर नवे काही लिहिले गेले की मगच जातात. त्या वाचायला पेटी उघडून चिपला यंत्र लावावे लागते. मेहुणा ते करणार नाही. तरीही मनात शंका असेल तर एक स्वस्त उपाय आहे: रीसेट करण्याआधी वाय-फायला कसलेही अर्थहीन नाव आणि पासवर्ड देऊन सेव्ह करायचे, पुन्हा बदलून सेव्ह करायचे, आणि मग रीसेट. काही राउटर सेटिंगच्या दोन प्रती ठेवतात. दोनदा सेव्ह केले की दोन्हींत कचरा बसण्याची शक्यता वाढते. खात्री नाही, पण पाच मिनिटांचे काम आहे.

आता एक प्रकरण धरून चालू. नागावच्या नारळी-पोफळीच्या वाडीतले होमस्टे. पुढच्या घरात कंपनीने अनामत घेऊन दिलेली फायबरची पेटी, म्हणजे ओएनटी, त्यातच वाय-फाय. मागच्या कॉटेजमध्ये मालकाने स्वतः घेतलेला टीपी-लिंकचा राउटर. चार कॅमेरे, त्यांचा डीव्हीआर, एक टीव्ही, एक प्रिंटर. मालक दुसऱ्या कंपनीचे कनेक्शन घेत आहेत. ओएनटी परत करायची आहे आणि टीपी-लिंक रेवदंड्याच्या भाच्याला द्यायचा आहे.

पहिले काम जुन्या पेट्यांना हात न लावता करायचे. नवे कनेक्शन चालू करून त्याला नवा पासवर्ड द्यायचा. नाव जुनेच ठेवले तरी चालेल; पाहुण्यांच्या खोलीत लॅमिनेट करून लावलेल्या कार्डावर एकच ओळ बदलावी लागेल. खरे तर त्या कार्डावरचा पासवर्ड हंगामात इतक्या लोकांना दिलेला असतो की त्याला गुप्त म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून नव्या राउटरवर पाहुण्यांचे जाळे वेगळे करावे आणि कॅमेरे, डीव्हीआर, घरचे फोन दुसऱ्यावर ठेवावेत. हे काम एकदा झाले की जुन्या पेटीत काही राहून गेले, तरी ते शिळे असेल. माझ्या मते सगळ्या सोपस्कारांतली ही सर्वांत मोलाची पायरी आहे आणि नेमकी हीच बहुतेक याद्यांत नसते.

मग जुन्या राउटरच्या सेटिंगचे पान उघडायचे. टीपी-लिंकवर `tplinkwifi.net` किंवा `192.168.0.1`, ओएनटीवर बहुधा `192.168.1.1`. खात्रीचा पत्ता तळाच्या स्टिकरवर असतो. इथे पुसायचे नाही, पाहायचे. पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर डीव्हीआरसाठी उघडलेले दार दिसेल. डायनॅमिक डीएनएसच्या पानावर एखाद्या खात्याचे नाव आणि पासवर्ड निघेल, जे कॅमेरे बसवणाऱ्याने कधीतरी टाकले होते आणि मालकांना माहीतही नव्हते. ते खाते अजून चालू असेल तर त्याचा पासवर्ड बदलायला हवा, कारण ते राउटरच्या बाहेर आहे आणि रीसेटने त्याला काहीच होत नाही. यूएसबीला पेनड्राइव्ह लावलेला असेल तर तो काढायचा; हे हास्यास्पद वाटते, पण लहान आकाराचे पेनड्राइव्ह मागच्या बाजूला दिसत नाहीत.

याच पानावर सेटिंगचा बॅकअप घेण्याचे बटण असते. भाच्याला उपयोग नाही, पण मालकांना वाटते, असू दे. मग ती फाइल होमस्टेच्या लॅपटॉपवर डाउनलोडमध्ये वर्षानुवर्षे पडते. जुन्या टीपी-लिंक राउटरची `config.bin` फाइल कुलूपबंद दिसते खरी, पण त्या कुलपाची चावी सर्व राउटरना एकच होती आणि ती कधीच जगजाहीर झाली आहे. तेव्हा बॅकअप घेऊ नये. घेतला असेल तर राउटर पुसला त्याच दिवशी तोही पुसावा. पुढे लागणाऱ्या गोष्टी वहीत लिहून ठेवणे जास्त बरे.

राउटर मोबाइल ॲपला जोडलेला असेल तर ॲपमधून तो आधी काढायचा आणि मग रीसेट करायचा. क्रम उलटला तर बरेचदा काही बिघडत नाही, पण काही संचांत बिघडते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला ईरोचा संच जुन्या मालकाच्या खात्यातून काढल्याशिवाय नव्या माणसाला सुरूच करता येत नाही. तो भेट मिळालेल्या घरी मग रात्री अकराला न्यू जर्सीला फोन लावावा लागतो.

आता बटण. राउटर चालू असताना दाबायचे. बंद राउटरवर टाचणी कितीही वेळ धरली तरी काही होत नाही. चालू करून दिवे स्थिर होईपर्यंत, म्हणजे दोनेक मिनिटे, थांबायचे. मग टाचणी किंवा सिमकार्डची पिन आत घालून दहा सेकंद धरायची आणि दिवे एकदम बदलले की सोडायची. नेमके किती सेकंद आणि कोणता दिवा, हे मॉडेलप्रमाणे बदलते. अनेक टीपी-लिंक राउटरवर रीसेट आणि डब्ल्यूपीएसचे बटण एकच असते. ते थोडा वेळ दाबले तर काहीच पुसले जात नाही, उलट दोन मिनिटे कोणत्याही उपकरणाला पासवर्डाविना जोडून घ्यायला राउटर तयार होतो. दिवा लुकलुकतो, माणसाला वाटते काम झाले. सोडल्यानंतर राउटर स्वतः बंद होऊन चालू होतो. तेवढा वेळ वीज काढायची नाही.

किनाऱ्यावरची खास अडचण म्हणजे हे बटणच खाऱ्या हवेने अडकते. टाचणी आत जाते, पण टिक् असा बारीक प्रतिसाद मिळत नाही आणि दिवे ढिम्म राहतात. अशा वेळी जोर लावू नये, बटण आत तुटते. सेटिंगच्या पानावर `System Tools` मध्ये `Factory Defaults` किंवा `Factory Restore` असते, ते वापरावे. परिणाम तोच.

झाले की नाही हे तपासण्याची पहिली खूण फोन देतो. जुन्या वाय-फायशी आपोआप जोडणारा फोन आता जोडत नाही आणि यादीत स्टिकरवरचे मूळ नाव दिसते. दुसरी खूण सेटिंगचे पान: आताचे राउटर रीसेटनंतर ‘नवा पासवर्ड तयार करा’ असे विचारतात. जुनाच पासवर्ड मागितला तर रीसेट झालेला नाही. तिसरी खूण लॉगच्या पानावर मिळते. रीसेट झालेल्या आणि इंटरनेट नसलेल्या राउटरला आजची तारीख ठाऊक नसते, त्यामुळे बरेच राउटर नोंदी १९७० च्या जानेवारीपासून सुरू करतात. गेल्या आठवड्याच्या नोंदी दिसल्या तर काहीतरी उरले आहे. एवढे पाहून झाले की पुढे काही सेटिंग करू नये. राउटर तसाच बंद करून खोक्यात घालावा. ‘भाच्याला सोपे जावे’ म्हणून मालक पुन्हा आपला ई-मेल टाकून ॲपला जोडतात आणि सगळे काम वाया जाते.

ओएनटीचे गणित वेगळे आहे. ती कंपनीची आहे, आणि तंत्रज्ञ पहिल्या दिवशीच बजावून जातो की रीसेट दाबू नका. कारण खरे आहे: रीसेटने कंपनीने भरलेला युजर आयडी आणि लाइनची सेटिंग जातात आणि नेट बंद पडते, मग तंत्रज्ञाला पुन्हा यावे लागते. पण पेटी परत करायच्या दिवशी ते कारण संपते. त्या दिवशी रीसेट करायलाच हवे, कारण परत गेलेल्या पेट्या साफसफाई होऊन पुढच्या ग्राहकाकडे जातात. केबल ऑपरेटरच्या दुकानात रचलेल्या पेट्यांपैकी कोणती पुसली आणि कोणती राहिली, हे कोणी लिहून ठेवत नाही.

इथे एक फसगत आहे. फायबर लावलेली ठेवून ओएनटी रीसेट केली, तर ती चालू होताच कंपनीच्या सर्व्हरला विचारते आणि सर्व्हर तिला सेटिंग परत पाठवतो. कंपनीने तशी सोय ठेवली असेल तर युजर आयडीच नव्हे, आपण ठेवलेले वाय-फायचे नावही परत येते. माणूस तपासतो, जुने नाव पाहतो आणि पुन्हा टाचणी घालतो. म्हणून आधी फायबर काढायची, मग रीसेट. फायबरच्या टोकाला बहुधा हिरवा चौकोनी प्लास्टिकचा कनेक्टर असतो. तो कनेक्टरला धरून सरळ ओढायचा, तारेला धरून नाही, आणि त्याच्या पांढऱ्या टोकावर लगेच टोपी लावायची, कारण तिथली धूळ नव्या माणसाचा सिग्नल खाते. टोकात डोळा लावून पाहू नये. प्रकाश दिसत नाही, पण लेझर असतो.

परत देताना पेटी, अडॅप्टर आणि लाइनची छोटी तार एकत्र द्यायची. सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवायचा आणि तो नंबर लिहिलेली पोच घ्यायची. किनाऱ्यावर हे फार ढिसाळपणे होते. पेटी न्यायला येणारा ओळखीचा असतो, ‘काका, बिल नंतर व्हॉट्सॲप करतो’ म्हणून जातो, आणि तीन महिन्यांनी अनामत मागायला गेले की पेटी मिळालीच नाही असे उत्तर येते. पोच ही अनामतीसाठी आहेच, पण तीच पेटी आपल्या हातून गेल्याचा पुरावाही आहे. कनेक्शन आपल्याच गावात भावाला द्यायचे म्हणून ओएनटी थेट त्याच्याकडे नेण्याचा मोह टाळावा. तिचा सीरियल नंबर कंपनीच्या यंत्रणेत आपल्या खात्याशी जोडलेला असतो. तिथे बदल झाल्याशिवाय ती भावाकडे चालणार नाही. आणि चाललीच, तर आपल्या नावावर चालेल.

अलिबाग-काशीद भागातल्या रिसॉर्टांना वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण त्यांच्याकडे बहुधा मायक्रोटिकचा राउटर असतो आणि पाहुण्यांना मोबाइल नंबर घेऊन किंवा कूपनवर नेट दिले जाते. म्हणजे त्या पेटीत फक्त मालकाची नव्हे, पाहुण्यांचीही माहिती असते. मायक्रोटिकचा स्वभाव असा की रीसेटचा हुकूम दिला की तो, आपल्याला वाटते त्याच्या उलट, आधी सगळ्या सेटिंगचा बॅकअप स्वतःच्या पोटात घेतो आणि मग सेटिंग पुसतो. पेटी कोरी दिसते आणि फाइलींच्या यादीत जुने सगळे बसलेले असते. म्हणून आधी फाइली पाहून काढायच्या आणि हुकूम असा द्यायचा:

```
/file print
/system reset-configuration skip-backup=yes
```

पहिली ओळ फक्त यादी दाखवते. त्यात `.backup` किंवा `.rsc` ने संपणारे जे दिसेल ते हाताने काढायचे. कूपनांचा हिशेब ठेवणारी नोंदवही वेगळ्या जागी असते आणि या रीसेटने ती गेलीच असे धरता येत नाही. पाहुण्यांची माहिती ठेवली असेल तर `Netinstall` ने नव्याने प्रणाली चढवणे हाच सरळ मार्ग. त्यात आतली साठवण नव्याने तयार होते आणि परवाना मात्र टिकतो. जुनी सेटिंग राखण्याची खूण तिथे चुकून लावू नये.

बंद पडलेल्या पेटीचे काय? विजेने जळलेली, पाण्यात भिजलेली. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा उडालेल्या कौलांखाली भिजलेले राउटर काही घरांत अजून पोटमाळ्यावर असतील. असा राउटर चालू होत नाही, म्हणून रीसेट करता येत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण जळतो तो बहुधा विजेचा भाग. सेटिंग ज्या चिपमध्ये असते ती धड असते. साध्या राउटरमध्ये ती आठ पायांची, करंगळीच्या नखाहून लहान चिप असते आणि तिला चिमटा लावून वाचणारे यंत्र थोड्या पैशांत मिळते. राउटर स्वतःचा असेल तर झाकण उघडून ती चिप पक्कडीने फोडावी. मोठ्या प्रोसेसरच्या शेजारी शोधावी, आणि ओळखू आली नाही तर मधला भागच कापावा. जाळू नये, धूर वाईट असतो. उरलेले घंटागाडीत न टाकता नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावे; एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार ते काम त्यांचेच आहे. कंपनीची बंद पेटी मात्र उघडता येत नाही. तिथे हातात राहते ते एकच: त्यातले सर्व पासवर्ड आपल्याकडे बदललेले असणे.

ऑनलाइन विकणाऱ्यांनी फोटोकडे लक्ष द्यावे. घेणारा तळाचा फोटो मागतो, आपण पाठवतो, आणि स्टिकरवर वाय-फायचे मूळ नाव, पासवर्ड आणि मॅक पत्ता छापलेला असतो. ज्यांनी पहिल्या दिवसापासून स्टिकरवरचाच पासवर्ड वापरला, त्यांच्या बाबतीत रीसेटने काहीही गुप्त होत नाही. तोच पासवर्ड परत येतो आणि फोटोत सगळ्यांना दिसतो. तो नव्या राउटरलाही दिलेला असेल तर आधी बदलावा. फोटोत फक्त मॉडेलचे नाव दिसू द्यावे.

भाच्याला राउटर देताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते: कंपनी त्या मॉडेलला अजून सुधारणा देते का. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला की सुधारणा बंद झालेले जुने राउटर, त्यात लिंकसिसची काही जुनी मॉडेल्स, ताब्यात घेऊन गुन्हेगार त्यांतून आपला व्यवहार वळवत होते. असा राउटर कितीही स्वच्छ पुसला तरी देण्याजोगा राहत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि तळावर छापलेली आवृत्ती टाकून शेवटची फर्मवेअर केव्हाची ते पाहावे. बरीच वर्षे काही आलेले नसेल तर तो भाच्याला नको, ई-कचऱ्याला द्यावा. नवी फर्मवेअर असेल तर आधी ती चढवावी आणि मग रीसेट करावे, कारण फर्मवेअर बदलली तरी सेटिंग बहुधा तशीच राहते.

आणि मॅक पत्ता. तो रीसेटने बदलत नाही, आणि फोनमधली ठिकाण ओळखणारी यंत्रणा जवळपासच्या राउटरांच्या याच पत्त्यांवरून आपण कुठे आहोत हे ठरवते. किहीमचा राउटर डोंबिवलीला गेला की तिथल्या घरात बसलेल्या माणसाचा फोन काही दिवस तो किहीमच्या किनाऱ्यावर आहे असे दाखवू शकतो. उलट बाजू जास्त विचार करायला लावणारी आहे. २०२४ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी दाखवले की ॲपलच्या यंत्रणेला असे पत्ते विचारत राहिले, तर एखादा राउटर एका ठिकाणाहून दुसरीकडे गेला हे बाहेरच्या माणसालाही कळू शकते. घर बदलताना राउटर सोबत नेणाऱ्याला याची काळजी जास्त, देऊन टाकणाऱ्याला कमी. ज्याला हे नको असेल त्याने वाय-फायच्या नावाच्या शेवटी `_nomap` जोडावे. गूगल आणि ॲपल दोघेही ती खूण पाळतात. राउटर देताना भाच्याला एवढे सांगून ठेवावे की पहिले काही दिवस नकाशात नागाव दिसले तर राउटर बिघडलेला नाही.